यादी ओळखीच्या हाती, मतदान अनोळखी हाती

गंगाखेड, पालम, सोनपेठ या पट्ट्यात दिवाळी सरली की घरांना कुलपं लागायला लागतात. कोयते, भांडीकुंडी आणि लेकरं वाहनात भरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. चैत्रापर्यंत गावात उरतात ती बहुतेक म्हातारी माणसं. मतदार यादीचं वार्षिक पुनरीक्षणही बहुतेक वर्षी याच महिन्यांत येतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे सगळे ज्यांना बीएलओ म्हणतात ते, यादीचा भाग हातात घेऊन त्या कुलपासमोर उभे राहतात आणि त्यांना एका रकान्यात काहीतरी लिहावं लागतं. इथला माणूस गाव सोडून गेला, की कामाला गेला?

उत्तर एका शब्दाचं आहे, पण त्यावर एका नागरिकाचं मत टिकतं किंवा जातं. म्हणून यादी कोणी करावी, मतदान कोणी घ्यावं आणि या दोन्ही कामांतल्या माणसाकडून कसली तटस्थता अपेक्षित आहे, या वादाचा आढावा या कुलपापासून सुरू करणं मला योग्य वाटतं. आपल्या व्यवस्थेने दोन कामांसाठी दोन उलट स्वभावाची माणसं मागितली आहेत. यादीसाठी गावाला ओळखणारा माणूस लागतो आणि मतदानाच्या दिवशी गावाला न ओळखणारा. वादाचे बहुतेक धागे या दोन मागण्यांपाशी येऊन मिळतात.

मागची वाट

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परभणी हैदराबाद राज्यात होती. त्या वेळी देशभर यादी करताना पहिला अडथळा आला तो नावाचाच. अनेक ठिकाणी बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात, ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगत. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीबाहेर राहिली. ही नावं मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतली होती. दारात उभ्या असलेल्या माणसाला घर काय सांगतं आणि तो काय लिहितो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आज जिल्ह्यात जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी असे चार विधानसभा मतदारसंघ आहेत. लोकसभेच्या परभणी मतदारसंघात जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगीही येतात. निवडणूक आयोगाची स्वतःची कर्मचाऱ्यांची फळी तालुक्यात नसते. राज्यघटनेच्या ३२४व्या कलमाने आयोगाला माणसं पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. त्यामुळे उपविभागीय अधिकारी हेच मतदार नोंदणी अधिकारी होतात, तहसीलदार सहायक होतात, आणि खाली शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी, ग्रामसेवक यांच्यातून बीएलओ नेमले जातात. एका केंद्राला एक बीएलओ, ही पद्धत २००६ पासूनची. त्याआधी मोहीम निघाली की प्रगणक नेमायचे आणि मोहीम संपली की ते जायचे. बीएलओ आणण्यामागचा विचार असा होता की यादीच्या प्रत्येक भागाला वर्षभर एक कायमचा राखणदार असावा, आणि तो शक्यतो त्याच भागातला असावा.

कुलपाआडचं घर

कायदा इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणसाची नोंद तो सामान्यतः जिथे राहतो तिथे होते. विसाव्या कलमात पुढे असंही म्हटलं आहे की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणूस तिथला रहिवासी नाही असं होत नाही. म्हणजे पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर राहणारा तोडणी कामगार गंगाखेडचाच मतदार आहे. त्याचं नाव वगळायला ‘घर बंद’ हे कारण पुरेसं नाही.

पण प्रत्यक्षात नाव कसं जातं ते पायरीपायरीने पाहायला हवं. पाच मतदारांचं एक घर धरू. आईवडील गावात आहेत, दोन मुलगे आणि एक सून फडावर. त्याच मतदारसंघातला कोणीही मतदार नमुना ७ भरून या तिघांच्या नावांवर ‘कायमचे स्थलांतरित’ असा आक्षेप घेऊ शकतो. अर्ज आला की बीएलओने चौकशी करायची. आक्षेपांची यादी प्रसिद्ध होते, आणि ज्याच्या नावावर आक्षेप आहे त्याला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. नोटीस जाते ती गावच्या पत्त्यावर. वडिलांनी ती घेतली, फोन केला आणि बीएलओने आपल्या अहवालात ‘ऊसतोडीला गेले, परत येतात’ असं लिहिलं, तर नावं राहतात. वडील वाचू शकत नसतील, नोटीस दारावर चिकटवून ती वाऱ्याने गेली असेल, सुनावणीला कोणी आलं नसेल, तर फाइल एकतर्फी पुढे सरकते. निर्णयावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. पण आपलं नाव गेलं हे मुलाला मतदानाच्या दिवशीच कळणार असेल, तर त्या अपिलाचा त्याला काहीच उपयोग नाही. खिशात मतदार ओळखपत्र आहे म्हणून मत देता येत नाही. यादीत नाव असेल तरच मत आहे, आणि उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत भर घालता येत नाही की नाव वगळता येत नाही.

या साखळीत कमकुवत आणि बळकट कडी एकच आहे, बीएलओचा शेरा. त्याला घर माहीत असेल तर एका ओळीत न्याय होतो.

तारखांचाही इथे मोठा हात असतो. २०२४ मध्ये परभणीत लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला झालं, म्हणजे बहुतेक टोळ्या परतल्यावर. विधानसभेचं २० नोव्हेंबरला झालं, गाळप हंगाम उघडण्याच्या दिवसांत. कुटुंब तेच, घर तेच. एप्रिलमध्ये जो मतदार गावात होता तो नोव्हेंबरात ‘अनुपस्थित’ ठरण्याची शक्यता बरीच जास्त होती.

संगणक आणि उंबरा

गेल्या दोन-तीन वर्षांत वादाने वेगळं वळण घेतलं. आता नुसती नावं सुटण्याची तक्रार नाही, खोटी नावं चढवण्याची आणि खरी काढण्याचीही आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात नव्या नावनोंदणीचे ऑनलाइन अर्ज एकदम वाढले. बीएलओ पत्त्यांवर गेले तेव्हा साडेसहा हजारांहून जास्त अर्ज निराधार निघाले. ते फेटाळले गेले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्याआधी कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदमध्ये उलट प्रकार झाला होता. तिथे नावं वगळण्यासाठी ६,०१८ अर्ज आले आणि तपासणीत फक्त २४ खरे ठरले. दोन्ही ठिकाणी अर्ज दूर कुठूनतरी भरले गेले आणि पकडले गेले ते उंबऱ्यावर, कोणीतरी जाऊन पाहिलं म्हणून. यावरून एक बाजू म्हणते की यादीचं खरं संरक्षण बीएलओच्या पायपिटीत आहे, पोर्टलवरचे अर्ज वाढले तितकी घरभेटीची गरज वाढली.

दुसरी बाजू उलट टोकाकडून येते. गावातला माणूस गावातल्या गटातटांतला असतो, आणि त्याच्या एकट्याच्या शेऱ्यावर विसंबणं धोक्याचं आहे. शिवाय एकच नाव दोन गावांत किंवा गावात आणि पुण्यात असेल, तर ते कुठल्याच एका बीएलओला दिसणार नाही. त्याच्याकडे फक्त आपला भाग असतो. दुबार नावं शोधायला सगळी यादी एकत्र पाहणारं यंत्रच लागतं. १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत विरोधी पक्षांनी ‘सत्याचा मोर्चा’ काढला त्यामागे दुबार मतदारांचाच प्रश्न होता.

स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने यावर मधला मार्ग काढला. संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले गेले. कर्मचाऱ्यांनी त्या मतदाराला गाठून तो कोणत्या केंद्रावर मत देणार हे विचारायचं, आणि तो भेटलाच नाही तर केंद्रावर त्याच्याकडून ‘मी दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणार नाही’ असं हमीपत्र घ्यायचं. नाव कापलं नाही, फक्त प्रश्नांकित केलं. मला हा उपाय समंजस वाटतो, कारण यंत्राला सापडतं ते साम्य. एका गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची आणि जवळपास एकाच वयाची दोन माणसं असणं आपल्याकडे अजिबात नवलाचं नाही. पण त्याची मर्यादाही उघड आहे. राज्य आयोग स्वतः नाव वाढवत नाही की वगळत नाही. तो विधानसभेचीच यादी घेऊन प्रभाग, गट, गण यांप्रमाणे फोडतो. त्या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. मूळ यादीतला दोष तसाच खाली येतो आणि खालच्या आयोगाच्या हाती फक्त तारे उरतात.

मतदानाचा दिवस

यादीचं काम गावाच्या ओळखीवर चालतं. मतदान पथक मात्र मुद्दाम ओळख तोडून बनवलं जातं. कर्मचाऱ्यांच्या नावांची संगणकावर तीन वेळा सरमिसळ होते. पहिल्या फेरीत कोणाला काम द्यायचं ते ठरतं, दुसरीत पथक बनतं आणि शेवटच्या फेरीत, निवडणूक निरीक्षकांसमोर, पथकाला केंद्र मिळतं. लोकसभा-विधानसभेला नोकरीचा, राहण्याचा किंवा मूळ गावाचा मतदारसंघ टाळला जातो. सेलूचे गुरुजी पूर्णेकडे जातात आणि साहित्य वाटपाच्या सकाळपर्यंत त्यांना गावाचं नाव माहीत नसतं. पथकात केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी असतात. पहिला ओळख पटवतो, दुसरा शाई लावतो आणि नोंदवहीत सही घेतो, तिसरा कंट्रोल युनिट सांभाळतो. २०२४च्या लोकसभेला परभणीत ३४ उमेदवार होते. एका बॅलेट युनिटवर १६ नावं मावतात आणि ‘नोटा’ धरून ३५ जागा लागल्या. म्हणजे प्रत्येक केंद्रावर तीन युनिटं क्रमाने जोडायची होती.

मतदानाच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होतं. किमान ५० मतं टाकायची, बेरीज जुळवायची, मग ती पुसायची. कर्मचारी त्याला ‘सीआरसी’ म्हणतात: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. या घाईत शेवटचं बटण राहून गेलं तर ती मतं खऱ्या मतांत मिसळतात. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक आणि यंत्रावरची एकूण मतं दर दोन तासांनी ताडून पाहायची. फरक बरोबर ५०चा असेल तर सकाळी काय झालं ते कळतं. ते लपवू नये, नमुना १७-सीमध्ये आणि केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत जसंच्या तसं लिहावं. मतमोजणीत असं यंत्र बाजूला ठेवण्याची तरतूद आहे. लपवलेला फरक मात्र मोजणीच्या टेबलावर संशय होऊन उभा राहतो.

आता आपल्या फडावरच्या मुलाकडे येऊ. समजा त्याचं नाव यादीतून गेलं नाही, पण बीएलओने त्याला अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत अशा वेगळ्या यादीत टाकलं. ती यादी केंद्राध्यक्षाकडे असते. मुलगा रात्रभर प्रवास करून सकाळी रांगेत उभा राहतो. पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो आणि एक प्रतिनिधी म्हणतो, “हे तर गावात राहतच नाहीत.” इथे केंद्राध्यक्षाने त्याला परत पाठवायचं नसतं. तो मतदार आहे, यादी फक्त सावध करते. केंद्राध्यक्षाने स्वतः ओळखपत्र पाहायचं, नाव या यादीतलं असल्याचं प्रतिनिधींना सांगायचं, नोंदवहीत सहीसोबत अंगठाही घ्यायचा आणि मतदान करू द्यायचं. प्रतिनिधीला ओळखच मान्य नसेल तर दोन रुपये भरून रीतसर आक्षेप घेता येतो आणि त्याची चौकशी तिथेच होते. आणि त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर त्याला कागदी मतपत्रिका मिळते. तिला प्रदत्त मत म्हणतात. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होते आणि साध्या मोजणीत धरली जात नाही.

या प्रसंगात परका केंद्राध्यक्ष असण्याचा फायदा आणि तोटा एकदमच दिसतो. प्रतिनिधीचं बोलणं त्याला दडपत नाही, कारण उद्या त्याला या गावात राहायचं नाही. पण समोरचा तरुण खरंच कोणाचा मुलगा आहे हे त्याला कळायला कागदाशिवाय मार्ग नाही.

शाळा कोणी चालवायची

शिक्षकांचं म्हणणं जुनं आहे आणि त्यात तथ्य आहे. शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम शिक्षकांना अशैक्षणिक काम देण्यास मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामं त्यातून वगळतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सेंट मेरीज स्कूल प्रकरणात तोल साधायचा प्रयत्न केला. यादीचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुटीच्या आणि विनाअध्यापनाच्या दिवशी द्यावं, शाळेच्या वेळेत सहसा देऊ नये, असं न्यायालयाने म्हटलं. दोनशिक्षकी वस्तीशाळेत या ‘सहसा’ शब्दाचा ताण रोज जाणवतो. एक शिक्षक तहसीलच्या बैठकीला गेला की दुसऱ्यासमोर चार इयत्ता बसतात.

प्रशासनाची बाजूही समजून घ्यावी लागते. गावोगाव पोचलेला, लिहितावाचता येणारा, लोकांचा विश्वास असलेला एवढा मोठा वर्ग दुसरा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने बीएलओंचं किमान वार्षिक मानधन ६,००० वरून १२,००० रुपये केलं. महिन्याला हजार रुपये पडतात. त्याच वर्षाच्या शेवटी गोव्यासह १२ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता. काही राज्यांत बीएलओंवरच्या ताणाच्या आणि मृत्यूंच्या बातम्या आल्यावर ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जादा माणसं द्यायला आणि खरी अडचण असलेल्यांच्या विनंत्या एकेक करून तपासायला सांगितलं. कायमस्वरूपी वेगळा कर्मचारीवर्ग नेमावा ही सूचना वारंवार येते. खर्चाइतकाच तिला आणखी एक आक्षेप आहे. फक्त यादीचंच काम करणारा माणूस गावाला इतकं ओळखेल का?

तटस्थता: कलम आणि शेजार

कायद्याने निवडणूक कर्मचाऱ्याभोवती पक्की चौकट घातली आहे. यादीच्या कामातले आणि मतदानाच्या कामातले अधिकारी त्या काळात आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानलं जातं आणि शिस्तीची सूत्रं आयोगाकडे जातात. उमेदवारासाठी काम करणं, मतदारावर प्रभाव टाकणं यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ कर्मचाऱ्याला मत देण्याचा हक्क देतात, पण ते कोणाला देणार किंवा दिलं हे सुचवायलाही मनाई करतात. अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं हेदेखील प्रभाव टाकणंच मानलं जातं.

शिक्षेचं प्रमाण मात्र विचार करायला लावणारं आहे. यादीच्या कामात कर्तव्यभंग केला तर किमान तीन महिने, कमाल दोन वर्षं कैद. मतदानाच्या कामात सबळ कारणाशिवाय कर्तव्यभंग केला तर पाचशे रुपयांपर्यंत दंड. आणि यादीबद्दलचा खटला आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या आदेशाने तक्रार झाली तरच उभा राहतो. नाव गमावलेला मतदार थेट न्यायालयात जाऊन बीएलओवर खटला भरू शकत नाही. काहींच्या मते हे कर्मचाऱ्याला सूडाच्या तक्रारींपासून आवश्यक संरक्षण आहे. काहींच्या मते त्यामुळे कलम कागदावरच राहतं. मला पहिली बाजू जास्त पटते, पण ती पटायची तर तहसीलमधली सुनावणी खरोखर झाली पाहिजे, नुसती तारीख पडून चालणार नाही.

याहून कठीण भाग कलमांच्या बाहेर आहे. निवडणुकीशी थेट संबंधित अधिकाऱ्यांची गृहजिल्ह्यातून किंवा तीन वर्षं झालेल्या ठिकाणाहून बदली करण्याचं आयोगाचं धोरण आहे. ते वरच्या फळीसाठी आहे. बीएलओ गावातच राहतात, आणि त्यांनी तिथेच राहावं म्हणूनच त्यांना नेमलेलं असतं. प्रतिनियुक्तीची मुदत संपते आणि शेजार तसाच राहतो. ज्याचा नमुना ७ नामंजूर केला तो माणूस दुसऱ्या दिवशी दूध घालायला येतो.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत हे आणखी टोकदार होतं. परभणी जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासक होते. महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं आणि पाठोपाठ फेब्रुवारीत जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक इथे आपल्याच संस्थेचे सदस्य निवडण्याचं मतदान घेतात. बदल्या आता बऱ्याच अंशी ऑनलाइन झाल्याने सदस्यांच्या हाती पूर्वीइतकं काही उरलेलं नाही, हे खरं. पण शाळेची खोली, दुरुस्ती, शाळा व्यवस्थापन समिती यांचे धागे त्या गटाच्या सदस्याकडे जातातच. यावर तीन उपाय सुचवले जातात: जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला इतर खात्यांचे कर्मचारी जास्त घ्यावेत, बीएलओंच्या जोड्या दोन वेगळ्या खात्यांतून कराव्यात, आणि पक्षांनी आपले केंद्रस्तरीय प्रतिनिधी खरोखर नेमून यादीच्या कामात बीएलओसोबत बसवावेत. तिसऱ्या उपायाची तरतूद आजही आहे. नियमाने असा प्रतिनिधी दिवसाला दहापर्यंत अर्ज देऊ शकतो, आणि त्याचे अर्ज तीसच्या वर गेले की मतदार नोंदणी अधिकाऱ्यांनी किंवा सहायकांनी स्वतः पडताळणी करायची असते. गावात मतदानाच्या सकाळी प्रत्येक पक्षाचा माणूस टेबल मांडून बसतो, पण पुनरीक्षणाच्या महिन्यात त्यातला कोणी यादी वाचायला येईल याची खात्री नसते.

कुलपाचा प्रश्नही अजून खुला आहे. हंगामी स्थलांतर ही यादीत वेगळी नोंद नाही. माणूस आहे, नाही किंवा मेला, एवढेच पर्याय बीएलओपुढे असतात. पुनरीक्षण मे-जूनमध्ये ठेवावं म्हणजे टोळ्या गावात असतील, असं सुचवलं जातं. पण तेव्हा शाळा बंद असतात आणि सेंट मेरीजच्या निकालाने जे दिवस शिक्षकांना यादीसाठी मोकळे ठरवले, तेच त्यांच्या हक्काच्या सुटीचेही असतात. तोवर गंगाखेडच्या बाजूला काही बीएलओ आपल्या वहीत, छापील रकान्याच्या बाहेर, पेन्सिलने मुकादमाचा फोन नंबर लिहून ठेवतात.